पहिल्या सकाळची चिठ्ठी: नव्या सहकाऱ्यासाठी टीम लीडने स्वागताचा मजकूर कसा लिहावा

नवा माणूस कामावर रुजू होतो त्या सकाळी त्याला बहुतेक ठिकाणी दोन गोष्टी मिळतात: एचआरकडून कागदपत्रांचा गठ्ठा आणि टीम लीडकडून चार ओळींचं स्वागत. त्या चार ओळी बहुधा अशा असतात: "आमच्या परिवारात आपलं हार्दिक स्वागत. आपल्या अनुभवाचा टीमला नक्कीच फायदा होईल. काहीही अडचण आल्यास निःसंकोच विचारा. पुढील वाटचालीस शुभेच्छा." यात चूक काहीच नाही. पण हे वाचून झाल्यावर त्या माणसाला कुठे बसायचं, साहेब किंवा मॅडम कधी भेटणार, तोवर काय करायचं, काही अडलं तर नेमकं कोणाला उठवायचं आणि संध्याकाळी किती वाजता निघालं तर चालेल, यातलं काहीही कळलेलं नसतं. हे प्रश्न पहिल्या दिवशी कोणी तोंडाने विचारत नाही, कारण ते फार साधे वाटतात. चिठ्ठीने उत्तरं द्यायची ती याच प्रश्नांची.

म्हणून लिहायला बसताना एक कसोटी समोर ठेवा. समजा, त्या सकाळी तुम्ही स्वतः दोन तास उशिरा पोहोचलात. तेवढा वेळ नुसत्या या चिठ्ठीच्या आधारावर नव्या माणसाला निर्धास्त काढता येईल का? येत असेल तर चिठ्ठी जमली. येत नसेल तर मजकूर कितीही प्रेमळ असो, तो अपुरा आहे.

या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे. सहा जणांची एक टीम आहे. ती पुरवठादारांची बिलं तपासते आणि पेमेंटसाठी पुढे पाठवते. तिथे सोमवारी किरण नावाची व्यक्ती रुजू होणार आहे, टीम लीड मीनल आहेत आणि शेजारच्या टेबलावर राजश्री बसतात. ही नावं फक्त नमुन्यापुरती आहेत. तुमचं काम वेगळं असलं तरी पायऱ्या याच राहतील.

आधी माहिती जमवा, मग लिहा

चिठ्ठी फसते ती बहुधा भाषेमुळे नाही, तर माहिती न विचारल्यामुळे. लिहायला वीस मिनिटं लागतात. माहिती जमवायला मात्र दोन-तीन दिवस आधी सुरुवात करावी लागते, कारण ती तीन-चार वेगवेगळ्या माणसांकडे असते.

सर्वांत आधी नाव. एचआरच्या यादीत नाव कागदपत्रांप्रमाणे असतं: पूर्ण, कधी आडनाव आधी, कधी वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट. माणसाला रोज ज्या नावाने हाक मारतात ते यापेक्षा वेगळं असू शकतं. नाव कसं लिहायचं आणि काय म्हणून हाक मारायची, हे रुजू होण्याआधीच्या फोनवर सरळ विचारून घ्या. नाव ऱ्हस्व लिहायचं की दीर्घ, हेही तेव्हाच विचारा. चुकीच्या स्पेलिंगची चिठ्ठी मिळाली तर पहिल्याच दिवशी कोणी ती दुरुस्त करायला सांगत नाही, आणि मग तेच स्पेलिंग मेल आयडीपासून ओळखपत्रापर्यंत सगळीकडे फिरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एचआरला त्या दिवशी किती वेळ लागणार. "सकाळी थोडी फॉर्मॅलिटी असते" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या खोलीत, किती वाजेपर्यंत, आणि संपल्यावर माणसाला आपल्या टीमपर्यंत कोण आणून सोडणार, हे विचारा. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. एचआरला वाटतं टीममधून कोणीतरी येईल, टीमला वाटतं एचआरवाले घेऊन येतील, आणि नवा माणूस सही करून झाल्यावर रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहतो.

तिसरी गोष्ट आयटीची. "लॅपटॉप तयार आहे का?" या प्रश्नाला उत्तर जवळजवळ नेहमी "हो" येतं, आणि ते खरंही असतं. पण लॅपटॉप तयार असणं वेगळं, आणि त्यावरून काम करता येणं वेगळं. म्हणून चार प्रश्न स्वतंत्र विचारा: मेल अकाउंट उघडलं आहे का, पहिला पासवर्ड माणसाच्या हातात कसा पडणार, लॉगिनला मोबाइलवर येणारा कोड लागतो का, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये टीम रोज काम करते त्याची परवानगी कधी मिळणार. ही शेवटची परवानगी बऱ्याच ठिकाणी कर्मचारी क्रमांक तयार झाल्यावरच देता येते, आणि तो क्रमांक कागदपत्रं पूर्ण झाल्याशिवाय तयार होत नाही. म्हणजे पहिल्या सकाळी ती मिळणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. हे माहीत असेल तर चिठ्ठीत तसं लिहिता येतं आणि पहिलं कामही त्या बेताने निवडता येतं. माहीत नसेल तर तुम्ही "सकाळी सिस्टिम बघून घ्या" असं लिहाल, आणि माणूस दोन तास लॉगिनच्या पडद्यासमोर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजत बसेल.

चौथी गोष्ट म्हणजे सोबतीचा माणूस, आणि त्याची संमती. चिठ्ठीत राजश्रींचं नाव घालण्याआधी त्यांच्याशी बोला. नुसतं "सोमवारी नवीन माणूस येतोय, जरा बघ" म्हणणं पुरत नाही. पावणेअकराला एचआरमधून घेऊन यायचं आहे, एक वाजेपर्यंत मध्येच प्रश्न येतील, जेवायला सोबत न्यायचं आहे, असं नेमकं सांगा, आणि त्या सकाळचं त्यांचं थोडं काम दुसऱ्याकडे द्या. स्वतःच्या बिलांच्या ढिगात बुडालेल्या माणसाला प्रश्न विचारायला नवा माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

पहिलं काम निवडणं

चिठ्ठीतला सर्वांत अवघड भाग हाच, आणि तो लिहिण्याआधी ठरवावा लागतो. पहिल्या दिवशी काम न देणं दयाळूपणाचं वाटतं. प्रत्यक्षात रिकामा बसलेला नवा माणूस लवकर थकतो आणि सगळे आपल्याकडे बघताहेत असं त्याला वाटत राहतं. "आमची नियमावली वाचून घ्या" हेसुद्धा काम न देण्यासारखंच आहे, कारण संदर्भ माहीत नसताना चाळीस पानं डोक्यात राहत नाहीत आणि ती कधी वाचून संपली हेही कळत नाही.

पहिल्या कामाला चार अटी लावा. ते त्याच दिवशी संपणारं असावं. त्यात चूक झाली तरी कोणाचं नुकसान होऊ नये. ज्याची परवानगी अजून मिळालेली नाही अशा कशावरही ते अवलंबून नसावं. आणि त्याचं बरोबर उत्तर तुम्हाला आधीच माहीत असावं, म्हणजे संध्याकाळी पंधरा मिनिटांत त्यावर बोलता येतं.

आपल्या उदाहरणात ते असं बसवता येईल. बिल तपासणं म्हणजे तीन कागद एकमेकांशी ताडून पाहणं: खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ, माल आत आल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल. पीओ सांगते काय आणि कोणत्या दराने मागवलं, जीआरएन सांगते प्रत्यक्षात किती आलं, आणि बिल सांगतं पुरवठादार किती मागतो आहे. तिन्ही जुळले की पेमेंट पुढे जातं. आता जुन्या, पेमेंट होऊन गेलेल्या बिलांमधून १० निवडा आणि प्रत्येकाचे तिन्ही कागद छापून एका फाइलमध्ये लावा. त्यातली ८ सरळ जुळणारी घ्या. नवव्यात बिलावर ५० नग असावेत आणि जीआरएनवर ४८. दहाव्यात नग जुळावेत, पण बिलातला दर पीओपेक्षा जास्त असावा. अशी बिलं कुठल्याही टीमच्या दप्तरात सापडतात. त्या वेळी ती अडवून पुरवठादाराकडून दुरुस्ती घेतलेली असते. फक्त दुरुस्तीचा कागद, म्हणजे क्रेडिट नोट किंवा मेलचा प्रिंट, या फाइलमधून काढून ठेवा, नाहीतर उत्तर आधीच दिसेल. फाइल दुसऱ्याच्या हातात द्यायची आहे, तेव्हा छापण्याआधी पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक झाकायला विसरू नका.

जुन्या माणसाला अर्धा तास लागेल इतकंच काम ठेवा आणि नव्या माणसाला त्यासाठी दीड तास द्या. कागदावरचे रकाने ओळखायलाच पहिली तीन बिलं जातात. या कामाचा फायदा असा की, दुपारी सॉफ्टवेअर उघडेल तेव्हा त्यातले शब्द ओळखीचे झालेले असतात.

फाइलमध्ये किती बिलं चुकीची आहेत हे चिठ्ठीत सांगू नका. सांगितलं तर दोन सापडताच शोध थांबतो. पण ही बिलं चुकती झालेली आहेत आणि यात काही बिघडणार नाही, हे मात्र जरूर लिहा. नवा माणूस सर्वांत जास्त घाबरतो ते पहिल्याच दिवशी खरं काहीतरी बिघडवण्याला.

मजकूर लिहिताना

लांबी दीडशे ते अडीचशे शब्द, छापली तर एका पानाच्या आत. कमी शब्दांत दिवसाचा आराखडा मावत नाही, आणि जास्त झाले तर माणूस उभ्या उभ्या वाचत नाही, "नंतर बघू" म्हणून घडी घालतो.

संबोधनात "तुम्ही" ठेवा. वयाने लहान माणसाला पुढे सगळे "तू" म्हणणार असतील तरीही, लेखी मजकुरात पहिल्या दिवशी "तुम्ही"च योग्य दिसतं. त्याची आणखी एक सोय आहे. "तू आलास" की "तू आलीस" हे ठरवावं लागतं, "तुम्ही आलात" मध्ये ते लागत नाही. किरण, सुहास, शीतल अशा नावांची माणसं तुम्ही अजून प्रत्यक्ष पाहिलेली नसतील, मुलाखत दुसऱ्याने घेतली असेल, तर ही चूक सहज होते आणि ती फार खुपते. "आपण" हे आदरार्थी संबोधन मात्र टाळा. "आपण अकरा वाजता भेटू" आणि "आपण अकरा वाजता यावे" ही वाक्यं एकाच चिठ्ठीत आली की कोण कुठे जाणार याचा गोंधळ होतो. "आपण" हे फक्त दोघं मिळून काही करणार असाल तिथेच वापरा.

सुरुवातीला आनंदाचं एक वाक्य हवंच, पण ते त्याच माणसाला लागू पडणारं असावं. "तुमच्या अनुभवाचा फायदा होईल" हे कोणालाही लिहिता येतं. मुलाखतीत किरणने पुरवठादाराच्या खात्याचा ताळा जुळवताना जुनी क्रेडिट नोट कशी शोधली ते सांगितलं असेल, तर तेच लिहा आणि त्याचा इथल्या कामाशी संबंध जोडा. मुलाखत तुम्ही घेतली नसेल तर ज्यांनी घेतली त्यांना विचारा: "तुम्हाला त्यांची कुठली गोष्ट आवडली?" उत्तर एका वाक्याचं आलं तरी तेवढं पुरतं. कौतुक करताना तुलना नको. "आधीच्या व्यक्तीला हे जमत नव्हतं" किंवा "टीममध्ये हे कोणालाच येत नाही" अशी वाक्यं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बाकीच्यांच्या विरोधात उभं करतात.

त्यानंतर दिवसाचा आराखडा, वेळेसकट. "सकाळी", "जेवणानंतर", "थोड्या वेळाने" असे शब्द काढा आणि घड्याळातली वेळ लिहा. प्रत्येक वेळेपुढे जागा आणि माणूस असावा. जेवणाची ओळ वगळू नका. कोणासोबत जेवायचं हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नवा माणूस तो सकाळपासून मनात घोळवत असतो. तिथे एक पळवाटही ठेवा. कोणाला पहिल्या दिवशी एकट्याने जेवावंसं वाटतं, कोणाला घरी फोन करायचा असतो. निघण्याची वेळही लिहा, नाहीतर बाकीचे उठत नाहीत तोवर माणूस खुर्चीत बसून राहतो.

मदतीच्या वाक्याला सर्वांत जास्त वेळ द्या. "काहीही लागलं तर विचारा" यात कोणाला, कधी आणि कसं हे तिन्ही गायब आहेत, म्हणून ते वाक्य वाचूनही कोणी विचारत नाही. त्याऐवजी एका माणसाचं नाव, तो कुठे बसतो, त्याने यासाठी वेळ मोकळा ठेवला आहे ही खात्री, आणि तो जागेवर नसेल तर दुसरा मार्ग, असं चारही लिहा. वेळ मोकळा ठेवल्याचं कळलं की विचारणाऱ्याचा संकोच निम्मा होतो.

शेवटी, जे अजून तयार नाही ते सांगून टाका. लॉगिन दुपारी होणार असेल, खुर्ची तात्पुरती असेल, ओळखपत्र बुधवारी येणार असेल तर एका ओळीत लिहा. हे लिहिल्याने टीमचं हसू होत नाही. न लिहिल्याने मात्र माणसाला वाटतं की आपण येणार हे इथे कोणाच्या लक्षातच नव्हतं.

काय लिहू नये याची यादी छोटी आहे, पण ती पक्की पाळा. पासवर्ड कधीही लिहू नका, तात्पुरता असला तरी. पगार, आधीची नोकरी सोडण्याचं कारण, तब्येत किंवा घरची परिस्थिती यांचा उल्लेख नको, मग तो कितीही आपुलकीने केलेला असो, कारण कागद टेबलावर पडून राहतो आणि कोणीही वाचतो. सहकाऱ्यांचे खासगी मोबाइल नंबर त्यांना न विचारता देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांची उद्दिष्टं या चिठ्ठीत घुसडू नका. त्यासाठी त्याच आठवड्यात वेगळी बैठक ठेवा.

पूर्ण झालेली चिठ्ठी अशी दिसते

> किरण, सुप्रभात.
>
> आजपासून तुम्ही आमच्यासोबत आहात याचा मनापासून आनंद आहे. पुरवठादाराच्या खात्याचा ताळा जुळत नव्हता तेव्हा तुम्ही जुनी क्रेडिट नोट कशी शोधून काढलीत, ते मुलाखतीत सांगितलं होतंत. आमच्याकडेही असे काही ताळे अडलेले आहेत. पुढच्या महिन्यात ते आपण मिळून बघणार आहोत.
>
> आजचा दिवस असा आहे:
>
> ९:३० ते १०:४५ – एचआर, पहिला मजला. कागदपत्रं झाली की राजश्री तुम्हाला घ्यायला तिथे येतील.
> ११:०० – मी तुमच्या टेबलापाशी येईन. अर्धा तास बसू, टीमची ओळख करून घेऊ.
> ११:३० ते १:०० – टेबलावरची निळी फाइल.
> १:०० – जेवण. टीम एकत्र जेवते, तुम्हीही या. आज एकट्याने जेवावंसं वाटलं तरी हरकत नाही.
> २:०० – आयटीचे सहकारी तुमच्या टेबलापाशी येऊन लॉगिन सुरू करून देतील. मोबाइल जवळ असू द्या, त्यावर कोड येईल.
> ४:१५ – आपण दोघं फाइलवर पंधरा मिनिटं बोलू.
> ५:०० – आज एवढंच. वेळेवर निघा.
>
> निळ्या फाइलमध्ये १० बिलं आहेत, प्रत्येकासोबत पीओ आणि जीआरएन. तिन्ही कागदांवरचे नग जुळतात का आणि बिलातला दर पीओप्रमाणे आहे का, ते पाहा. जिथे जुळत नाही तिथे पेन्सिलीने खूण करून कारण लिहा. ही सगळी बिलं पूर्वीच चुकती झाली आहेत, त्यामुळे यात काहीही बिघडणार नाही. दहा पूर्ण झाली नाहीत तरी चालेल.
>
> अडलं तर राजश्रींना विचारा. त्या तुमच्या डाव्या हाताला बसतात आणि आज एक वाजेपर्यंत त्यांनी त्यासाठी वेळ ठेवला आहे. त्या जागेवर नसतील तर टेबलावरच्या फोनवरून मला २१४ वर फोन करा.
>
> दुपारी दोनपर्यंत कॉम्प्युटर सुरू होणार नाही. तसंच ठरलेलं आहे, तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. ओळखपत्र बुधवारी मिळेल. तोवर रिसेप्शनवर सही करून आत या.
>
> – मीनल

यात "स्वागत" हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि तो हवा असेल तर खुशाल घाला. पण बघा, निम्म्याहून जास्त वाक्यं अशी आहेत की ती खरी ठरण्यासाठी कोणालातरी आधी काहीतरी करून ठेवावं लागलं आहे: फाइल लावावी लागली, राजश्रींचं काम हलवावं लागलं, आयटीची दोनची वेळ घ्यावी लागली. या चिठ्ठीचा कस तिथेच लागतो.

तपासणी: आदल्या दिवशी दुपारी

आदल्या कामाच्या दिवशी, म्हणजे आपल्या उदाहरणात शुक्रवारी दुपारी, चिठ्ठी हातात घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवा आणि ती खरी आहे का ते प्रत्यक्ष पाहा. टेबलापाशी जाऊन फाइल आहे का बघा. फोन उचलून २१४ लावून बघा. नवीन टेबलावरचा फोन बंद असणं फार सामान्य आहे. राजश्री सोमवारी रजेवर नाहीत ना, हे विचारा. तुमच्या कॅलेंडरमध्ये ११:०० आणि ४:१५ या वेळा अडवून ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी त्याच वेळेला कोणीतरी मीटिंग लावणार.

मागच्या वेळची चिठ्ठी उघडून त्यातच बदल केले असतील तर आधीच्या माणसाचं नाव शोधा. वरच्या ओळीतलं नाव सगळेच बदलतात, पण मधल्या परिच्छेदात किंवा फाइलच्या नावात जुनं राहून जातं. वार आणि तारीख लिहिली असेल तर ती कॅलेंडरशी ताडून घ्या. शेवटी टीममधल्या अशा एखाद्या माणसाला ती वाचायला द्या, जो सर्वांत अलीकडे रुजू झाला आहे. पहिल्या दिवशी काय कळत नव्हतं हे त्यालाच ताजं आठवत असतं.

पोहोचवणं

उत्तम चिठ्ठी चुकीच्या जागी ठेवली तर वाया जाते. ऑफिसच्या मेलवर पाठवलेली चिठ्ठी लॉगिन झाल्यावरच दिसते, म्हणजे आपल्या उदाहरणात दुपारी दोननंतर. तोवर निम्मा दिवस संपलेला असतो. टेबलावर ठेवली तर पावणेअकराला मिळते, तीही उशिराच. म्हणून छापून, पाकिटावर नाव हाताने लिहून ती रिसेप्शनवर ठेवा, आणि तिथल्या माणसाला सांगा की किरण सही करतील तेव्हाच द्यायची. रिसेप्शनची पाळी बदलत असेल तर सोमवारी सकाळी कोण असणार ते विचारून त्याच माणसाशी बोला.

कुठल्या दाराने यायचं, किती वाजता, कोणाचं नाव सांगायचं आणि सोबत कोणते कागद आणायचे, हे या चिठ्ठीचं काम नाही. ते आदल्या संध्याकाळी वैयक्तिक फोनवर चार ओळींत पाठवा. त्यातच टीमपेक्षा थोडं उशिरा बोलावलं तर तुम्हालाही श्वास घ्यायला वेळ मिळतो. टीम नऊला येत असेल तर नव्या माणसाला साडेनऊ बरं.

टीमला पाठवायची ओळख वेगळी लिहा. नव्या माणसाला लिहिलेली चिठ्ठीच सगळ्यांना सीसी करण्याचा मोह होतो, पण त्यात मुलाखतीतला उल्लेख असतो आणि "यात काहीही बिघडणार नाही" असा धीर असतो. ते दोघांमधलं आहे. टीमसाठी नाव, काम, टेबल आणि सुरुवातीची तारीख पुरेशी आहे. जास्त काही घालायचं असेल तर त्या माणसाला विचारून घाला.

माणूस घरून काम करणार असेल तर क्रम बदलतो. लॅपटॉप कुरिअरने गेला असेल तर छापलेली चिठ्ठी त्याच खोक्यात, झाकण उघडताच दिसेल अशी ठेवा, आणि तीच चिठ्ठी आदल्या संध्याकाळी वैयक्तिक मेलवरही पाठवा. वैयक्तिक मेलवर जाणार असल्यामुळे त्यात पुरवठादारांची नावं, रकमा किंवा अंतर्गत लिंक नको. तसं काही असेल तर ते लॉगिननंतर द्या. घरून काम करणाऱ्यासाठी मदतीची ओळ आणखी नेमकी लागते, कारण त्याला शेजारी मान वळवून विचारता येत नाही. लॉगिनच झालं नाही तर चॅट आणि ऑफिसचा मेल दोन्ही बंद असतात, म्हणून आयटीचा साध्या फोनवरून लागणारा नंबर चिठ्ठीत असलाच पाहिजे. आणि अकराची भेट लिंक पाठवून सोडू नका. तुम्ही स्वतः फोन करा.

बिघडलं हे कसं ओळखावं

अकराला तुम्ही पोहोचता तेव्हा एक नजर टाका. चिठ्ठी उघडी, टेबलावर, हाताशी असेल तर ती वापरात आहे. पाकीट बॅगेत गेलं असेल तर ती शुभेच्छापत्र समजून वाचली गेली. असं दिसलं तर पुढच्या वेळी वेळापत्रक वर घ्या आणि आनंदाचं वाक्य आणखी आटोपशीर करा.

साडेबारापर्यंत राजश्रींना एकही प्रश्न आला नसेल तर ते चांगलं लक्षण समजू नका. पहिल्यांदा ताडणी करणाऱ्या माणसाला १० बिलांत प्रश्न पडतातच: जीआरएनची तारीख बिलानंतरची असली तर चालतं का, दोन खेपांत माल आला तर कुठला कागद बघायचा. काहीच विचारलं जात नसेल तर एकतर विचारायची भीती आहे, किंवा राजश्री फोनवर गुंतल्या आहेत. अशा वेळी त्यांनीच उठून "कितव्या बिलावर आहात?" एवढं विचारावं. "काही अडचण नाही ना?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येणार हे ठरलेलं आहे.

आणि जर तुम्हीच अकराला पोहोचू शकला नाहीत, तर निरोप अकराच्या आत गेला पाहिजे, नव्या वेळेसकट. "मीनल मीटिंगमध्ये आहेत, येतील" हा निरोप नव्हे. "मीनल ११:४० ला येतील, तोवर फाइल सुरू करा" हा निरोप. रजा किंवा प्रवास आधीच माहीत असेल तर ते चिठ्ठीच्या दुसऱ्याच वाक्यात लिहा आणि अकराची भेट दुसऱ्या कोणाच्या नावावर करा. लीड नसण्यापेक्षा लीड येणार म्हणून वाट पाहणं जास्त त्रासाचं असतं.

सव्वाचारच्या भेटीत आधी फाइल बघा. ४८ नगांचं बिल बहुधा सापडलेलं असतं. दराचं सुटतं, कारण नग मोजले जातात, बिलातल्या बिलात गुणाकार बरोबर येतो, आणि दर पीओशी ताडायचा राहून जातो. सुटलं असेल तर पीओ आणि बिल शेजारी ठेवून दराच्या रकान्यावर बोट ठेवा, एवढ्याने पुढची शिकवण सुरू होते. मग विचारा: "चिठ्ठीत लिहिलेलं आणि आज प्रत्यक्षात घडलेलं, यात कुठे फरक पडला?" हा प्रश्न कागदाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही, म्हणून त्याला खरं उत्तर मिळतं. जे कळेल ते त्याच संध्याकाळी मूळ मसुद्यात घाला. आणि किरण निघण्याआधी दुसऱ्या दिवसाची एक ओळ तोंडी सांगा: उद्या किती वाजता यायचं आणि आल्यावर आधी कुठली फाइल उघडायची.